मुद्दा आधी, मायना आटोपशीर

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसमधून नेदरलँड्समधल्या सहकाऱ्याला ईमेल जाते. उदाहरणापुरतं पाठवणारीला स्नेहा म्हणू आणि वाचणाऱ्याला पीटर. दोघं एकाच कंपनीत, साधारण एकाच हुद्द्यावर आहेत. पीटर तिचा साहेब नाही, पण सेन्सरच्या प्लास्टिक हाउसिंगचं ड्रॉइंग त्याच्या ताब्यात आहे आणि त्यातल्या मापांवर अखेरचा शब्द त्याचा आहे. ईमेल अर्थातच इंग्रजीत आहे, इथे सोयीसाठी तिचा मराठी अवतार देतो.

विषय: मार्गदर्शनाबाबत नम्र विनंती

आदरणीय पीटर सर,
आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या अतिशय व्यग्र दिनक्रमात व्यत्यय आणत असल्याबद्दल क्षमा असावी. आपल्या सततच्या मार्गदर्शनाबद्दल आमची संपूर्ण टीम ऋणी आहे. हाउसिंगच्या ड्रॉइंगचा अभ्यास करताना आम्हाला एक छोटीशी शंका आली. कदाचित आमच्याच समजण्यात चूक असेल, पण ड्रॉइंग आणि मॉडेल यांतली काही मापं किंचित वेगळी वाटतात. आपल्याला सवड मिळेल तेव्हा कृपया एकदा नजर टाकून योग्य ते करावं, ही विनंती. टूलमेकरचं कामही लवकरच सुरू व्हायचं आहे. तसदीबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व.
आपली नम्र,
स्नेहा

या ईमेलमागची परिस्थिती गंभीर आहे. स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर ड्रॉइंगमध्ये ४२.० मिलिमीटर आहे आणि थ्रीडी मॉडेलमध्ये ४२.५. भोसरीतला टूलमेकर गुरुवारी सकाळी साच्याचं स्टील कापायला घेणार आहे. स्टील एकदा कापलं की भोकाची जागा सरकवणं सोपं नसतं. तो भाग वेल्डिंग करून पुन्हा मशीनवर घ्यावा लागतो, नाहीतर नवाच बनवून बसवावा लागतो. म्हणजे बुधवारी संध्याकाळच्या आत पीटरकडून एका आकड्याचा निर्णय हवा आहे. ईमेलमध्ये मात्र बुधवार नाही, गुरुवार नाही, ४२.० नाही आणि ४२.५ही नाही.

पीटर काय वाचतो

पीटरला हातचं काम सोडून ही ईमेल वाचायची आहे. तो उर्मट नाही आणि आळशीही नाही. लिहिलेल्या शब्दांचा जो अर्थ होतो, तोच तो घेतो. ‘छोटीशी शंका’ म्हणजे किरकोळ गोष्ट. ‘कदाचित आमचीच चूक’ म्हणजे हे लोक आधी स्वतः तपासून बघतील. ‘सवड मिळेल तेव्हा’ म्हणजे या आठवड्यात घाई नाही. ‘योग्य ते करावं’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला समजत नाही, म्हणून तो ईमेल बाजूला ठेवतो. स्नेहाच्या मनात जी घाई आहे, ती टूलमेकरच्या वाक्यात दडली आहे. पण ते वाक्य शेवटून दुसरं आहे आणि त्यात तारीख नाही. भारतीय वाचक त्या वाक्यापाशी थबकला असता. ‘अरे, म्हणजे आजच बघायला हवं’ असं त्याच्या लक्षात आलं असतं. पीटरसाठी ती निव्वळ एक माहिती आहे.

काही शब्द तर उलटाच परिणाम करतात. मूळ इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ असं असेल, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मला एक प्रश्न आहे’ एवढाच होतो. बाहेरच्या वाचकाला त्यात अविश्वास जाणवू शकतो, जणू त्याच्या कामाबद्दलच संशय घेतला आहे. उत्तर मागण्यासाठी आपण सर्रास ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहितो. ड्रॉइंगच्या संदर्भात ‘रिव्हर्ट’चा अर्थ ‘जुन्या आवृत्तीवर परत जा’ असाही लागू शकतो. इतक्या क्षमायाचनेनंतर नेमका हाच गोंधळ झाला, तर सगळी नम्रता वाया जाते.

स्नेहा असं का लिहिते

स्नेहाला इंग्रजी येत नाही म्हणून हे घडत नाही. तिचं इंग्रजी चांगलं आहे. अडचण अशी की मराठीत आदर दाखवायचं काम बरंचसं व्याकरणच करतं. ‘साहेब, हे माप चुकलंय, आजच सांगा’ या वाक्यात एकही गोड शब्द नाही, तरी ते उद्धट वाटत नाही. ‘साहेब’ आणि ‘सांगा’ या दोन शब्दांतच मान देऊन झालेला असतो, त्यामुळे उरलेलं वाक्य सरळ बोलायला मोकळं राहतं. इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द हाताशी आहे. तू, तुम्ही, आपण यांच्यातला फरक तिथे क्रियापदात घालता येत नाही. मग तो आदर लिहिणारा वेगळ्या वाक्यांत भरतो. व्यत्ययाबद्दल क्षमा, मार्गदर्शनाबद्दल ऋण, स्वतःच्या समजुतीबद्दल शंका अशी ती वाक्यं जमत जातात आणि त्यांच्या गर्दीत मूळ विनंती हरवते.

दुसरं कारण सवयीचं आहे. शाळेतल्या पत्रलेखनात आणि सरकारी अर्जात आपण एक साचा शिकलो. महोदय, वरील विषयास अनुसरून, सविनय सादर, आपला विश्वासू. हा साचा खालून वर जाणाऱ्या अर्जाचा आहे. शिवाय आपल्या ऑफिसांत ईमेल एकटी जात नाही. मागोमाग फोन होतो, जेवणाच्या सुट्टीत ‘ते बघितलंत का?’ असं विचारलं जातं. अर्धा निरोप ईमेलमध्ये असतो, अर्धा आवाजात. पीटरला फक्त पहिला अर्धा मिळतो.

तिसरं कारण हुद्द्याकडे बघण्याच्या रीतीचं. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून मिळालेल्या उत्तरांचा अभ्यास केला. वरच्या-खालच्यांमधलं सत्तेचं अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, याचा एक निर्देशांक त्यांनी त्यातून काढला. त्यात भारताचा आकडा ७७ आहे आणि नेदरलँड्सचा ३८. हे देशांचे सरासरी आकडे आहेत. त्यावरून एखाद्या माणसाचा स्वभाव ठरवणं चूक होईल. पण एवढं लक्षात येतं की बरोबरीच्या सहकाऱ्याकडून आलेलं ‘आदरणीय सर’ पीटरला मान दिल्यासारखं वाटेलच असं नाही. ही व्यक्ती आपल्याशी मोकळेपणी बोलत नाही, काही चुकलं तर सांगेल का, अशी शंका मात्र त्याच्या मनात येऊ शकते.

सौजन्य आणि आडवळण या दोन गोष्टी

जितकं आडून बोलावं तितकं सभ्य, असं आपण गृहीत धरतो. इस्रायली भाषाभ्यासक शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच गृहीतक तपासलं. हिब्रू आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारच्या विनंत्या देऊन कोणती किती सभ्य वाटते, ते विचारलं. निव्वळ सूचक, म्हणजे न मागता सुचवणारी वाक्यं दोन्ही गटांत सर्वांत सभ्य ठरली नाहीत. तो मान ‘कराल का’, ‘करू शकाल का’ या वळणाच्या वाक्यांना मिळाला. त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. समोरच्यावर जबरदस्ती न करणं हा सभ्यतेचा एक भाग, आणि आपल्याला काय हवं ते स्पष्ट करणं हा दुसरा. नुसतं सुचवून थांबलं की अर्थ शोधायचं ओझं वाचणाऱ्यावर पडतं.

स्नेहाची ईमेल दुरुस्त करायची किल्ली इथेच आहे. तिला सौजन्य कमी करायचं नाही. पीटरवर टाकलेलं अर्थ शोधायचं काम तिला स्वतःकडे परत घ्यायचं आहे.

दुरुस्ती, पायरीपायरीने

पहिलं काम ईमेलच्या बाहेर करायचं. कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहायचं: कोणी, काय, कधीपर्यंत करायचं आहे? स्नेहाचं वाक्य असं होईल: ‘पीटरने ४२.० की ४२.५ हे बुधवारी दुपारपर्यंत सांगायचं.’ हे वाक्य लिहिता आलं नाही, तर ईमेल पाठवायची वेळ अजून आलेली नाही. पुष्कळदा पाल्हाळाचं मूळ कारण हेच असतं. काय मागायचं ते लिहिणाऱ्यानेच पक्कं केलेलं नसतं.

दुसरं, या वाक्याला ‘शकाल का’चं रूप द्यायचं आणि अभिवादनानंतर लगेच ठेवायचं. विषयाच्या ओळीतही तेच थोडक्यात यायला हवं. वेळ पीटरच्या घड्याळाप्रमाणे लिहायची. उन्हाळ्यात नेदरलँड्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. ‘बुधवार संध्याकाळ’ लिहिलं तर कोणाची संध्याकाळ, हा प्रश्न उरतो.

तिसरं काम सर्वांत नाजूक आहे: मवाळ करणारे शब्द चाळून घेणं. त्यांतले काही काढायचे आणि काही मुद्दाम ठेवायचे. कसोटी अशी की हा शब्द खरी अनिश्चितता सांगतो की फक्त भीती? ‘मापं किंचित वेगळी वाटतात’ यातलं ‘वाटतात’ भीतीचं आहे. दोन फाइलींत दोन आकडे आहेत, ही वस्तुस्थिती आहे, ती तशीच लिहायची. पण दोन्हींपैकी बरोबर कोणता, हे स्नेहाला खात्रीने माहीत नाही. आत बसणाऱ्या सर्किट बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर ४२.५ आहे, त्यावरून तिचा एक अंदाज आहे. इथे ‘मला वाटतं’ हे शब्द प्रामाणिक आहेत आणि ते राहायलाच हवेत. सरळ लिहायचं म्हणून अंदाजाला खात्रीचं रूप देणं पीटरची दिशाभूल करणारं ठरेल. क्षमायाचनेचंही असंच आहे. ड्रॉइंगबद्दल प्रश्न विचारणं हे स्नेहाचं कामच आहे, त्याची माफी कशाला? तिने एखादी फाइल उशिरा पाठवली असती, तर एका वाक्याची माफी योग्य ठरली असती.

चौथं, उत्तर आलं नाही तर काय होईल, ते सांगायचं. हे धमकीसारखं वाटेल म्हणून आपण टाळतो. पण पीटरच्या दृष्टीने ही सर्वांत उपयोगाची माहिती आहे, कारण आपल्या कामांचा क्रम तो त्यावरूनच लावणार आहे. इथे एक सावधगिरी हवी. ‘उत्तर नसेल तर आम्ही ४२.५ धरून पुढे जातो’ असं लिहिणं सोपं आहे. बदलता येण्याजोग्या गोष्टींत ते चालतंही. कापलेलं स्टील मात्र जोडता येत नाही, तेव्हा सुरक्षित पर्याय थांबण्याचा आहे.

आता नवी ईमेल पाहा.

विषय: बुधवार दुपारी २ पर्यंत निर्णय हवा – सेन्सर हाउसिंग, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर

नमस्कार पीटर,
स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर ४२.० ठेवायचं की ४२.५ मिलिमीटर, हे बुधवारी तुमच्या वेळेनुसार दुपारी २ पर्यंत सांगू शकाल का?
ड्रॉइंगमध्ये ४२.० आहे, मॉडेलमध्ये ४२.५. सर्किट बोर्डावरचं अंतर ४२.५ आहे, त्यामुळे मॉडेल बरोबर असावं असं मला वाटतं. दोन्ही फाइली जोडल्या आहेत आणि ती जागा लाल रंगात दाखवली आहे.
टूलमेकर गुरुवारी सकाळी स्टील कापायला घेणार आहे. तोवर निर्णय झाला नाही, तर आम्ही काम थांबवू. त्याचं मशीन पुन्हा दोन आठवड्यांनी मोकळं होईल.
फोनवर बोलणं सोपं वाटत असेल तर जरूर सांगा, बुधवारी तुमच्या सकाळी मी उपलब्ध आहे.
धन्यवाद,
स्नेहा

या ईमेलमध्ये सौजन्य किती आहे ते मोजून बघावं. अभिवादन आहे, ‘शकाल का’ आहे, मागणीचं कारण आहे, फोनचा पर्याय आहे, आभार आहेत. फाइलींत जागा लाल रंगात दाखवणं हेही सौजन्यच, कारण त्यामुळे पीटरची शोधाशोध वाचते. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येणार नाही. चूक बहुधा ड्रॉइंगमध्ये आहे आणि ड्रॉइंग पीटरचं आहे. तरी ‘तुमची चूक’ असं कुठेही म्हटलेलं नाही. वाक्यांचा कर्ता ड्रॉइंग आणि मॉडेल आहेत. दोष माणसावर न ठेवता दोन आकडे शेजारी मांडले की पुरतं. शेवटच्या ओळीतले आभारही साधेच ठेवले आहेत. ‘आधीच धन्यवाद’ असं लिहिलं तर काही वाचकांना होकार गृहीत धरल्यासारखं वाटतं.

उलट टोकाची चूक

सरळ लिहायचं ठरवल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘प्लीज कन्फर्म बाय वेन्सडे. एनी डिले विल बी युवर रिस्पॉन्सिबिलिटी.’ डच माणूस स्पष्ट बोलतो म्हणून त्याला हे आवडेल, हा गैरसमज आहे. स्पष्ट बोलणं वस्तूबद्दल असतं: हे माप चुकीचं आहे, ही तारीख जमणार नाही. इथे बोट माणसाकडे वळलं आहे. शिवाय ‘प्लीज’ लावल्याने आज्ञेची विनंती होतेच असं नाही. ‘कॅन यू’ किंवा ‘कुड यू’ने सुरू होणारा प्रश्न जास्त काम करतो, कारण त्यात नाही म्हणायला जागा असते.

आणि हे माप प्रत्येकाला लावू नये. विनंतीला किती मऊपणा लागतो, हे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी तीन गोष्टींवरून मांडलं: समोरच्याचा आपल्यावरचा अधिकार, त्याच्याशी असलेली ओळख, आणि आपण जे मागतो त्याचं ओझं. त्यांच्या अभ्यासात इंग्रजीबरोबर मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या भाषा होत्या. स्नेहाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी हलक्या आहेत. पीटर बरोबरीचा आहे, रोजच्या ओळखीचा आहे आणि मागणी त्याच्या नेहमीच्या कामातली आहे. तीच स्नेहा त्याला रजेच्या दिवशी दोन तास मागत असेल किंवा अनोळखी विभागप्रमुखाला पहिल्यांदा लिहीत असेल, तर एक-दोन मऊ वाक्यं जास्त हवीतच. वाचणारा ब्रिटिश असेल तरी थोडी भर घालावी लागेल. मूळ विनंतीची जागा मात्र तेव्हाही वरचीच.

नकार देतानाही हीच शिस्त लागते. ‘वुई विल ट्राय अवर बेस्ट’ हे आपल्याकडे पुष्कळदा नकाराचं सभ्य रूप असतं. पीटर त्याला होकार समजून तारीख पुढे कळवून टाकतो. ‘शुक्रवारी देता येणार नाही. मापनाचं मशीन सोमवारपर्यंत दुसऱ्या कामात आहे. मंगळवारी सकाळी देऊ, चालेल का?’ ही तीन वाक्यं त्याला पहिल्या दिवशी थोडी नाराज करतील, पण पुढच्या आठवड्यात तोंडघशी पाडणार नाहीत.

आपली ईमेल फसते आहे, हे उत्तरांवरून ओळखता येतं. ‘माझ्याकडून नक्की काय हवंय?’ असं उत्तर आलं तर विनंती पोचलेली नाही. नुसतं ‘नोटेड’ आलं तर तुमची विनंती त्याने बातमी म्हणून वाचली. पाठवण्यापूर्वीची तपासणी साधी आहे. शेजारच्या सहकाऱ्याला, ज्याला प्रकरण माहीत नाही अशाला, ईमेल एकदा वाचायला द्यावी आणि विचारावं: कोणी काय करायचं आहे आणि कधीपर्यंत? त्याला पुन्हा वर जाऊन शोधावं लागलं, तर ते वाक्य वर आणावं.

पीटरचं उत्तर

अर्धं काम लिहिण्याचं, अर्धं वाचण्याचं. नव्या ईमेलला पीटरचं उत्तर तासाभरात येऊ शकतं, आणि ते असं असू शकतं: ‘४२.५. ड्रॉइंग चुकलं आहे, आज दुरुस्त करतो. हे आधी का लक्षात आलं नाही?’ ना नमस्कार, ना आभार. आपल्या कानांना शेवटचं वाक्य खरमरीत वाटतं आणि बोटं आपसूक क्षमायाचनेकडे वळतात. पण आरंभीच्या दोन वाक्यांत त्याने स्वतःची चूकही त्याच कोरडेपणाने मान्य केली आहे. तिसरं वाक्य बहुतेक वेळा खरोखरच प्रश्न असतो. त्याला कारण हवं आहे, कारण पुढच्या वेळी हे टाळायचं आहे. ‘सो सॉरी, इट विल नॉट हॅपन अगेन’ या उत्तरात ते कारण नाही, त्यामुळे प्रश्न तसाच राहतो.

स्नेहाने लिहावं: ‘लगेच उत्तर दिल्याबद्दल धन्यवाद. टूलमेकरला ४२.५ कळवलं आहे. आमच्या तपासणीच्या यादीत ड्रॉइंग आणि मॉडेलमधली मापं जुळवून बघण्याची पायरी नव्हती, आजपासून घातली आहे. दुरुस्त ड्रॉइंग कोणत्या क्रमांकाने येईल?’ यात मान खाली घातलेली नाही आणि आवाजही चढवलेला नाही. पीटरला हवं ते सगळं यात मिळतं, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो एका ओळीत देऊ शकतो.